अमोनिया–हायड्रोक्लोरिक टायट्रेशनचा वक्र: गणित आणि मीटर जुळत नाहीत, चूक कुठे?

अबोली_सोलापूर

नमस्कार. मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, इथे सोलापुरातच. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलची परीक्षा आहे आणि एका प्रयोगात मी अडकले आहे.

प्रयोग साधा आहे. बीकरमध्ये २५ मिली ०.१ मोलर अमोनिया, ब्यूरेटमध्ये ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. थोडं थोडं आम्ल घालायचं, दर वेळी पीएच मीटरचं रीडिंग घ्यायचं आणि वक्र काढायचा. जर्नलमध्ये शेजारीच गणितानं काढलेला पीएचही लिहायचा. अमोनियाचा पीकेबी ४.७४ धरला, म्हणजे अमोनियमचा पीकेए ९.२६. आमची बॅच दुपारी दोन ते पाच असते. माझी रीडिंग्ज अशी आली:

```
आम्ल (मिली)    गणित     मीटर
०             ११.१३    १०.७८
५              ९.८६     ९.५२
१०             ९.४४     ९.०८
१२.५           ९.२६     ८.९०
२०             ८.६६     ८.२६
२४             ७.८८     ७.०३
२४.२            –       ६.५
२४.४            –       ३.७
२५             ७.००     २.८६
३०             २.०४     १.९८
```

दोन गोष्टी समजत नाहीत. २५ मिलीला आम्ल आणि अमोनिया बरोबरीत असतात, म्हणून मी ७ लिहिलं, पण मीटर २.८६ दाखवतो. आणि त्याच्या आधीची सगळी रीडिंग्ज गणितापेक्षा खाली आहेत. बॅचमधल्या बाकीच्यांचीही खालीच आली. विचारलं तर "उपकरणातील त्रुटी असं लिहा" एवढंच उत्तर मिळालं. मला तसं लिहायचं नाही. नक्की काय झालं ते समजून घ्यायचं आहे.

कडक_भाकरी

२५ मिलीला ७ बरोबरच आहे की. आम्ल आणि अल्कली पूर्ण मारले गेले की उरतं मीठ आणि पाणी, आणि मिठाच्या पाण्याचा पीएच ७. माझ्या डिप्लोमाला कॉस्टिक आणि हायड्रोक्लोरिकचं टायट्रेशन होतं, तिथं बरोबर ७ ला उडी मारायचा. तुझा मीटर कॅलिब्रेट केलेला नसणार. बफर नवीन बनवून परत लाव.

जुनी_ब्यूरेट

अबोली, प्रश्न चांगला मांडला आहेस. रीडिंग्ज न सजवता दिलीस म्हणून काही सांगता येईल. चौतीस वर्षं मी हा प्रयोग मुलांकडून करून घेतला आहे, तेव्हा जरा सावकाश सांगते.

आधी ७ चा प्रश्न. कडक_भाकरी, तुमचं म्हणणं कॉस्टिकपुरतं खरं आहे. तिथे उरतो तो सोडियम क्लोराइड, आणि त्याला पाण्याशी काही देणंघेणं नसतं. इथे २५ मिलीला बीकरमध्ये अमोनियम क्लोराइड असतं. अमोनियम हे स्वतःच एक दुबळं आम्ल आहे. तो आपला प्रोटॉन थोडा थोडा पाण्याला देत राहतो, म्हणून द्रावण ७ च्या खाली जातं.

किती खाली ते काढू. सुरुवातीला अमोनिया २.५ मिलीमोल होता, तो सगळा अमोनियम झाला. पण आता बीकरमध्ये २५ नाही, ५० मिली आहे, म्हणून त्याची तीव्रता ०.०५ मोलर. अमोनियमचा केए म्हणजे १० चा उणे चौदावा घात भागिले १.८ गुणिले १० चा उणे पाचवा घात. ते येतं ५.५६ गुणिले १० चा उणे दहावा घात. याला ०.०५ ने गुणून वर्गमूळ घे. हायड्रोजन आयन ५.२७ गुणिले १० चा उणे सहावा घात, म्हणजे पीएच ५.२८. तुझ्या तक्त्यात २५ मिलीसमोर ७.०० खोडून ५.२८ लिही.

बाकीचं गणित तू बरोबर केलं आहेस. तरी प्रत्येक टप्प्याला "आत्ता बीकरमध्ये कोण कोण आहे?" एवढं विचारायची सवय ठेव. १० मिली आम्ल घातलं म्हणजे १ मिलीमोल प्रोटॉन आले. २.५ पैकी १ मिलीमोल अमोनियाचा अमोनियम झाला, १.५ मिलीमोल अमोनिया उरला. दोघंही आहेत, म्हणजे बफर, म्हणून:

```
pH = pKa + log(NH3 / NH4+)
```

९.२६ मध्ये १.५ चा लॉग म्हणजे ०.१८ मिळव, ९.४४ आलं. इथे एकूण घनफळ लागत नाही, कारण दोघंही एकाच बीकरमध्ये आहेत आणि भागाकारात ते कटतं. शून्य मिलीला मात्र अमोनियम जवळपास नाहीच, तिथे हे सूत्र लावायचं नाही, वर्गमुळाची वाट धरायची. आणि ३० मिलीला ०.५ मिलीमोल आम्ल जास्तीचं आहे, ५५ मिलीत, तेव्हा अमोनियमकडे बघायचंही कारण नाही. २.०४ तुझं बरोबर आहे.

आता मुख्य गोष्ट. गणित आणि मीटर यांतला फरक एका नव्या रकान्यात लिही आणि तो रकाना वरून खाली वाच. मी लगेच सांगत नाही, तू बघ.

टॉवेलवाला

आमचा अक्कलकोट रोडला डाइंगचा छोटा युनिट आहे, टॉवेलचा. रंग बसवायला आम्ही बाथमध्ये सोडा ॲश टाकतो आणि किती उरला ते बघायला रोज आम्लानं टायट्रेशन करतो. आमच्याकडं दोन इंडिकेटर वापरतात. आधी फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी जातो, ते एक रीडिंग. मग मिथिल ऑरेंज लाल होतो, ते दुसरं. ताईंना कुठला इंडिकेटर वापरायचा हे विचारायचं असेल तर दोन्ही वापरा, दोन पायऱ्या दिसतील. अमोनियाला एकच पायरी कशी काय? सोडासुद्धा दुबळी अल्कलीच आहे ना?

अबोली_सोलापूर

काका, माझा प्रश्न इंडिकेटरचा नव्हता, पण मलाही हे जाणून घ्यायचं आहे.

मॅडम, फरक काढला. ०.३५, ०.३४, ०.३६, ०.३६, ०.४०, मग २४ ला एकदम ०.८५. २५ ला, ५.२८ धरलं तर, २.४२. आणि ३० ला फक्त ०.०६. पहिले चार जवळपास सारखे आहेत, मग वाढत जातो, आणि शेवटी जवळजवळ नाहीसा होतो. मीटर चुकीचा असता तर सगळीकडे सारखाच फरक यायला हवा होता ना?

जुनी_ब्यूरेट

अगदी तेच. म्हणजे इथे दोन वेगळी कारणं एकमेकांत मिसळली आहेत. एक वक्राला खाली ओढतंय, दुसरं डावीकडे.

डावीकडचं आधी, कारण ते तुझ्याच आकड्यांत लिहिलेलं आहे. सगळ्यात मोठी उडी २४.२ आणि २४.४ च्या मध्ये आहे, ६.५ वरून थेट ३.७. बरोबरीचा बिंदू तिथे आहे, २४.३ च्या आसपास. तू तो २५ ला शोधत होतीस. २५ मिलीला तुझ्या बीकरमध्ये ०.७ मिली जास्तीचं आम्ल होतं. ०.०७ मिलीमोल, ५० मिलीत: १.४ गुणिले १० चा उणे तिसरा घात, पीएच २.८५. मीटरनं २.८६ दाखवलं. मीटर खोटं बोलत नव्हता.

म्हणजे तुझ्या बीकरमध्ये अमोनिया २.५ नव्हता, २.४३ मिलीमोल होता. निदान आम्लाच्या हिशेबानं तरी.

टॉवेलवाले दादा, सोडा ॲश म्हणजे कार्बोनेट. तो दोन प्रोटॉन घेतो. पहिला घेऊन बायकार्बोनेट होतो, दुसरा घेऊन कार्बोनिक आम्ल. म्हणून दोन पायऱ्या. पहिली पायरी साधारण ८.३ ला पडते आणि फिनॉल्फ्थॅलिन तिथेच रंग सोडतो, म्हणून तुमच्याकडे तो कामाचा. अमोनियाला एकच प्रोटॉन घेता येतो, त्याला दुसरी पायरी नाहीच.

बार्शीचा_मास्तर

मी बारावीला शिकवतो. फिनॉल्फ्थॅलिनचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कारण अमोनियात तो घातला तर काय होतं हे एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं असतं. गुलाबी रंग एका थेंबात जात नाही. पीएच १० च्या खाली यायला लागतो तो ४ मिलीच्या आसपास, तिथून रंग फिका व्हायला लागतो, आणि ८.२ यायला २३ मिली होतात. म्हणजे जवळजवळ एकोणीस मिली रंग नुसता विरत जातो. एक मुलगा १६ ला "संपला सर" म्हणतो, दुसरा २१ ला. दोघांचे डोळे चांगलेच असतात. त्या भागात वक्रच सपाट आहे, रंग तरी झटकन कसा बदलणार?

मिथिल रेडचा पट्टा ४.४ ते ६.२. तो पूर्ण पट्टा ओलांडायला ०.०४ मिली पुरतं, म्हणजे एका थेंबापेक्षा कमी. पिवळा होता, थेंब पडला, लाल झाला. अमोनियाला तोच घ्यावा.

आणि २५ मिलीच्या गणिताबद्दल एक. माझ्याकडे दरवर्षी चारपाच जण तिथे ५.१३ आणतात. घनफळ दुप्पट झालं हे विसरून ०.०५ च्या जागी ०.१ घालतात. फरक फक्त ०.१५ चा, म्हणून तो डोळ्यांत खुपत नाही आणि तसाच वहीत राहतो.

कडक_भाकरी

७ चं मान्य, अमोनियमचं माझ्या लक्षात नव्हतं. पण मग पहिल्या चार रीडिंगचा ०.३५ चा फरक? अमोनिया ३ टक्के कमी असल्यानं एवढं होतं का?

जुनी_ब्यूरेट

नाही होत, आणि हा प्रश्न अचूक आहे. १० मिलीला २.४३ धरून बघा. अमोनिया १.४३, अमोनियम १.००. लॉग ०.१६ येतो, ०.१८ च्या जागी. फरक दोन शतांशांचा. वक्राच्या मधल्या भागात तीव्रतेतली लहान चूक दिसतच नाही. ती फक्त कड्याजवळ दिसते, २४ मिलीला. ०.३५ चं कारण वेगळं आहे.

रात्रपाळी

मी चिंचोळी एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. पीएच मीटर हेच माझं दिवसभराचं काम.

अबोली, तीन गोष्टी सांग. बीकरमधल्या द्रावणाचं तापमान किती होतं? कॅलिब्रेशन कधी आणि कुठल्या बफरनं केलं? आणि त्याच मीटरवर याआधी दुसरा कुठला वक्र काढला होता का?

अबोली_सोलापूर

तापमान त्या दिवशी मोजलं नव्हतं. आज त्याच वेळी त्याच टेबलावर पाणी ठेवून बघितलं, ३६ अंश. पत्र्याचं छत आहे आणि एप्रिल आहे.

कॅलिब्रेशन प्रॅक्टिकल सुरू होताना केलं, ४ आणि ९.१८ च्या बफरनं. मीटरवर तापमानाचा खटका आहे, तो ३५ वर ठेवला होता.

मागच्या आठवड्यात असेटिक आम्ल आणि कॉस्टिकचा वक्र काढला होता, याच मीटरवर, याच दुपारी. तो छान जुळला. अर्ध्या घनफळाला ४.७८ आलं, पुस्तकात ४.७६.

कडक_भाकरी

मग तापमान सुटलं यादीतून. खटका ३५ वर होता ना, मीटर तापमानाची भरपाई करतो. त्यासाठीच तो खटका असतो.

रात्रपाळी

उलट, तापमान इथेच सापडलं. तो खटका काय करतो ते नीट समजून घे, कारण आमच्याकडे नवीन आलेली मुलंही इथेच फसतात. इलेक्ट्रोड मिलिव्होल्ट देतो. २५ अंशाला एका पीएचमागे ५९.२ मिलिव्होल्ट, ३५ ला ६१.१. खटका फक्त या भागाकाराची दुरुस्ती करतो. बीकरमध्ये अमोनिया आहे की व्हिनेगर हे मीटरला माहीत नसतं. द्रावणाचा खरा पीएच तापमानानं बदलला असेल तर मीटर तो बदललेला पीएचच दाखवणार, आणि तेच बरोबर आहे.

तुझा ९.१८ चा बफरसुद्धा ३५ अंशाला ९.१८ राहत नाही, ९.१० होतो. बाटलीवर तक्ता असतो, बघ. कॅलिब्रेशनला ९.१८ च भरलं असशील तर त्या टोकाला रीडिंग थोडं वरच आलं असेल, खाली नाही. म्हणजे ते तुझ्या फरकाचं कारण नाही.

अमोनियमचं पुढचं मॅडम जास्त चांगलं सांगतील.

जुनी_ब्यूरेट

रात्रपाळी, तुम्ही असेटिक आम्लाचं विचारलंत ते फार बरं केलंत. सगळा उलगडा त्यातच आहे.

अमोनियम प्रोटॉन सोडतो तेव्हा भरपूर उष्णता शोषून घेतो. म्हणून गरम झालं की तो प्रोटॉन जास्त सहज सोडतो, त्याचा पीकेए खाली येतो. दर अंशाला साधारण ०.०३. २५ अंशाला ९.२५, ३५ ला ८.९५, ४० ला ८.८०. असेटिक आम्लाच्या प्रोटॉन सोडण्यात उष्णतेची देवघेव जवळपास नाहीच, म्हणून त्याचा पीकेए २५ ला ४.७६ आणि ३५ लाही तेवढाच. तोच मीटर, तीच दुपार, तेच पत्रे. एक वक्र जुळला, दुसरा घसरला. बिघाड मीटरचा असता तर दोन्ही घसरले असते.

आता तुझे आकडे ३६ अंशावर पुन्हा काढू. पीकेए ८.९२, अमोनिया २.४३ मिलीमोल. ५ मिलीला अमोनिया १.९३, अमोनियम ०.५०, लॉग ०.५९, पीएच ९.५१. तुझा मीटर ९.५२. १० मिलीला ८.९२ अधिक ०.१६, म्हणजे ९.०८, मीटर ९.०८. २० मिलीला अमोनिया ०.४३, अमोनियम २.०, ८.२५, मीटर ८.२६. २४ ला अमोनिया फक्त ०.०३, अमोनियम २.४, ७.०२, मीटर ७.०३.

शून्य मिलीचं रीडिंग राहिलं, आणि ते मला सगळ्यात आवडतं. अमोनियाचा पीकेबी तापमानानं फारसा हलत नाही, ३५ ला ४.७३ च राहतो. म्हणजे हायड्रॉक्साइड जवळपास पूर्वीइतकंच, पीओएच २.८७. मग पीएच का उतरला? पीएच आणि पीओएच यांची बेरीज १४ असते ती २५ अंशाला. ३६ अंशाला पाणी स्वतःच जास्त फुटतं आणि ती बेरीज १३.६५ होते. १३.६५ वजा २.८७ म्हणजे १०.७८. तुझं रीडिंग १०.७८.

आणि ३० मिलीला फरक का नाही? तिथे जास्तीचं हायड्रोक्लोरिक आहे. ते कुठल्याही तापमानाला पूर्ण फुटलेलंच असतं, त्याला पीकेएशी काम नाही. उरलेला ०.०६ हा २४.३ मुळे: ०.५७ मिलीमोल जास्तीचं, ५५ मिलीत, १.९८.

म्हणून ओळखण्याची खूण अशी: अल्कलीकडचा सगळा हात सारखाच खाली बसला आणि आम्लाकडचा जागेवर राहिला, तर तापमान बघायचं. कडा डावीकडे सरकला तर माल कमी आहे.

अबोली_सोलापूर

मॅडम, मी तुमच्या आकड्यांनी दुसरी रेघ काढली, माझे सगळे ठिपके तिच्यावर बसले. १०.७८ बघून दोन मिनिटं नुसती वहीकडे बघत बसले. ती १४ ची बेरीज मी आजपर्यंत कायमची धरून चालले होते.

पण तो ०.०७ मिलीमोल अमोनिया गेला कुठे? मी पिपेट नीट वापरली होती, शेवटचा थेंब फुंकलाही नाही.

टॉवेलवाला

उडाला असणार. आमच्याकडं अमोनियाचा कॅन उघडला की पाच फुटांवर डोळ्यांत पाणी येतं. ३६ डिग्रीत उघडं ठेवून ढवळत बसल्यावर उडणारच.

आणि मॅडम, दोन पायऱ्यांचं समजलं. मी इतकी वर्षं ते दोन आकडे लिहितोय, पण दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट का येतो हे कुणी सांगितलं नव्हतं. एक विचारतो. आम्ही नमुना बाथमधून काढतो तेव्हा तो ६० डिग्रीला असतो आणि गरमच टायट्रेट करतो. आमचंही असंच चुकतं का?

रात्रपाळी

दादा, तुम्ही पीएच लिहीत नाही, किती मिली आम्ल लागलं ते लिहिता. तापमानानं वक्र वरखाली झाला तरी बरोबरीचा बिंदू आडव्या दिशेनं हलत नाही, सोडा जेवढा आहे तेवढंच आम्ल लागणार. पण नमुना गरम असताना पिपेटनं मोजला तर घनफळात चूक होते, पिपेट २७ अंशासाठी आखलेली असते. आणि गरम असताना इंडिकेटरचा रंगही थोडा मागंपुढं होतो. नळाखाली बाटली धरून गार करा, मगच मोजा.

अबोली, अमोनिया उडाला असेल, पण मी तेवढ्यावर शिक्का मारणार नाही. २४.३ येण्याची तीन कारणं असू शकतात. बीकरमधून उडाला. किंवा मूळ बाटलीतलाच कमी होता, ती बाटली वर्षभर उघडझाक होत असते. किंवा हायड्रोक्लोरिकच ०.१०३ आहे. ब्यूरेटला या तिघांतला फरक कळत नाही. वक्र फक्त दोघांचं गुणोत्तर सांगतो.

जुनी_ब्यूरेट

खरं आहे. उडण्याचा भाग तरी वेगळा काढता येईल. सकाळी गार असताना परत कर. पिपेटचं टोक बीकरच्या तळाशी टेकवून अमोनिया सोड, वरून धार लावू नकोस. तोंडावर प्लॅस्टिकची पातळ फिल्म ताणून बसव, इलेक्ट्रोड आणि ब्यूरेटपुरती भोकं ठेव. आणि पहिले १० मिली भराभर घाल. अमोनियम उडत नाही, उडतो तो मोकळा अमोनिया. तो सगळ्यात जास्त असतो अगदी सुरुवातीला, नेमका मुलं इलेक्ट्रोड स्थिर होण्याची वाट बघत बसतात तेव्हा.

अबोली_सोलापूर

आज सकाळी साडेसातला लॅब उघडून मिळाली. बीकरमध्ये थर्मामीटर ठेवला, २८ अंश. फिल्म लावली.

अर्ध्या घनफळाला ९.१४ आलं. मॅडमच्या हिशेबानं २८ अंशाला ९.२५ वजा ०.०९, म्हणजे ९.१६ यायला हवं होतं. तापमानाचं कारण मला तरी आता पटलं.

पण कडा पूर्ण २५ वर गेला नाही. मोठी उडी २४.६ आणि २४.८ च्या मध्ये आली. दुपारी ०.७ मिली कमी होतं, आता ०.३.

कडक_भाकरी

म्हणजे ०.४ उडाला होता आणि बाकीचा बाटलीतच कमी होता. संपलं.

रात्रपाळी

एवढ्यात नाही. एका दुपारच्या आणि एका सकाळच्या रीडिंगवर ०.४ चा हिशेब मांडता येत नाही, दोन्ही दोनदोनदा तरी करायला हवं. आणि उरलेला ०.३ आम्लाचाही असू शकतो. अबोली, हायड्रोक्लोरिक कशावर प्रमाणित केलं होतं?

अबोली_सोलापूर

आम्हाला बाटलीवर "०.१ मोलर" लिहिलेलंच मिळालं. प्रमाणित केलं की नाही माहीत नाही.

जुनी_ब्यूरेट

मग आधी तेच. निर्जल सोडियम कार्बोनेट ओव्हनमध्ये २५० अंशाच्या वर एक तास, डेसिकेटरमध्ये गार कर. ओव्हन तितका तापत नसेल तर बोरॅक्स घे, तो तापवावा लागत नाही, पण त्याचं स्फटिकजल गेलेलं नसावं. सोलापूरच्या उन्हाळ्यात उघड्या बरणीतल्या बोरॅक्सवर माझा भरवसा नाही. कार्बोनेट ०.१३२५ ग्रॅम तोलून घे, म्हणजे १.२५ मिलीमोल, आम्ल खरंच ०.१ असेल तर मिथिल ऑरेंजला २५.० मिली लागेल. २४.७ लागलं तर तुझा राहिलेला ०.३ तिथे आहे. २५.० लागलं तर अमोनियाच्या बाटलीकडे वळ.

अबोली_सोलापूर

आमचा ओव्हन २०० पर्यंतच जातो. बोरॅक्सची बरणी बघितली, झाकण सैल आहे आणि वरचे स्फटिक पांढुरके पडले आहेत. तळातले पारदर्शक दिसतात. ते घेऊन चालेल का?

टॉवेलवाला

आमच्या युनिटला मफल फर्नेस आहे, राख बघायला लागतो. कार्बोनेट घेऊन या, तापवून देतो. डेसिकेटर मात्र तुमचा आणा.